पांढरा ठिपका: लीख, कोंडा की तिसरेच काही?

केसांत पांढरे ठिपके दिसले की घरात दोनच तर्क निघतात. एक म्हणतो कोंडा, दुसरा म्हणतो लिखा. मग कोंडा झालेल्या मुलीच्या डोक्याला उवांचे औषध लागते, नाहीतर लिखा झालेल्या मुलीला महिनाभर कोंड्याचा शाम्पू लावला जातो आणि तोवर उवा घरभर पसरतात. नुसत्या रंगावरून हा वाद मिटत नाही, कारण दोन्ही पांढरेच दिसतात. ठिपका केसावर हलतो का आणि त्याने केस किती घट्ट धरला आहे, एवढे तपासले तर बहुतेक वेळा खरे काय ते कळते.

कोंडा म्हणजे डोक्याच्या त्वचेचे सुटलेले पापुद्रे. तेलकट त्वचेवर वाढणारी एक सूक्ष्म बुरशी त्याला हातभार लावते. हे पापुद्रे वेड्यावाकड्या आकाराचे, लहानमोठे असतात आणि केसावर नुसते टेकलेले असतात. लीख हे उवेचे अंडे. ते जेमतेम एक मिलिमीटर लांब, लंबगोल असते आणि केसाच्या एका बाजूला तिरपे चिकटलेले दिसते. अंडे घालताना मादी एक चिकट स्राव सोडते. तो केसाभोवती वाळून घट्ट कडे होतो. हा स्राव प्रथिनांचा असतो आणि केसही प्रथिनांचाच, त्यामुळे केसाला धक्का न लावता फक्त हा डिंक विरघळवणे अवघड जाते. म्हणूनच डोके कितीही धुतले तरी लीख जागची हलत नाही.

तपासणी दिवसाउजेडी, खिडकीपाशी करावी. त्याआधी केस धुऊन वाळवलेले असावेत, कारण तेल लावलेल्या केसांना कोंडाही चिकटून बसतो आणि लिखेसारखा भासतो. कानांमागे आणि मानेच्या वर केसांचे भांग पाडत पाहावे. लिखा तिथे जास्त सापडतात. ठिपका दिसला की तो एकच केस वेगळा धरून आधी फुंकर मारावी, मग बोटाने झटकावे. उडाला किंवा गळून पडला तर तो कोंडा. तसाच राहिला तर दोन नखांत धरून केसाच्या टोकाकडे ओढावा. लीख असेल तर कण नखाला टणक लागतो आणि जोर लावून टोकापर्यंत ओढत नेल्याशिवाय सुटत नाही.

इथे तिसरी शक्यता निघते. ठिपका गळत नाही, पण बोट लावताच मण्यासारखा केसावर पुढेमागे सरकतो. ही केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणाची सुटलेली नळी असते. ती केसाला चारही बाजूंनी वेढते, आणि लिखेपेक्षा बरीच लांब असू शकते. रोज घट्ट वेण्या घालणाऱ्या मुलींमध्ये ती दिसते, कारण ओढ बसून मुळाशी ताण येतो. तिला उवांचे औषध लागत नाही. वेणी सैल घालणे हा पहिला उपाय.

आता एक उदाहरण घेऊ. आठ वर्षांच्या मुलीच्या कानामागे पाच-सहा पांढरे कण आहेत, नखांनी ओढल्यावरच सुटतात आणि त्वचेपासून तीन सेंटीमीटरवर आहेत. त्या लिखाच आहेत. पण केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो आणि अंडे सात ते दहा दिवसांत फुटते. म्हणजे मुळाशी घातलेली ही अंडी तीनेक महिन्यांची जुनी असून आता रिकामी टरफले उरली असावीत. भरलेली लीख पिवळसर-तपकिरी असते आणि केसांत लपते. सहज नजरेत भरते ते हे पांढरे रिकामे टरफल. मात्र उष्ण हवेत ऊ मुळापासून लांबही अंडे घालते, तेव्हा अंतरावरून फक्त अंदाज बांधता येतो.

खात्री होते ती जिवंत ऊ सापडल्यावर. कोरड्या केसांत ती चटकन पळते, म्हणून केस ओले करून भरपूर कंडिशनर लावावा आणि बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरावे. दर वेळी फणी पांढऱ्या कापडावर पुसावी. तिळाएवढी, सहा पायांची, हलणारी ऊ दिसली तर औषध घ्यायचे. परमेथ्रिनचे एक टक्क्याचे लोशन दिले जाते. त्यातून काही लिखा वाचतात, म्हणून नऊ दिवसांच्या आसपास ते पुन्हा लावावे लागते. डोक्याला डोके लागूनच उवा मुख्यतः पसरतात, त्यामुळे घरातील सगळ्यांची डोकी त्याच दिवशी तपासावीत.

ऊ सापडली नाही, तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा फणी फिरवावी आणि तोवर औषध लावू नये. रॉकेल तर कुणाच्याही डोक्याला कधीच लावू नये. ते त्वचेला जाळते आणि पेट घेते. डोके लाल होऊन जाड खवले धरत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.