डीसी ड्राइव्ह समजून घेताना – भाग ६ : आतला लूप आधी

मागच्या भागात थायरिस्टर कन्व्हर्टर पाहिला. आता त्याला हुकूम देणाऱ्या दोन कंट्रोलरांकडे वळू. बाहेरचा कंट्रोलर टॅकोवरून वेग पाहतो. वेग कमी पडला तर तो थेट व्होल्टेज वाढवत नाही, फक्त ‘इतका करंट हवा’ असं सांगतो. तो करंट आर्मेचरमधून प्रत्यक्ष वाहवणं हे आतल्या कंट्रोलरचं काम. वेगाच्या लूपच्या पोटात करंटचा लूप असतो तो असा.

उदाहरणाला ४४० व्होल्ट, १०० अँपिअरची मोटर घेऊ. आर्मेचरचा रोध ०.४ ओहम आणि इंडक्टन्स ८ मिलिहेन्री. या दोघांमुळे करंट बदलायला लागणारा काळ, म्हणजे टाइम कॉन्स्टंट, २० मिलिसेकंदांचा येतो. उभ्या मोटरला पूर्ण व्होल्टेज दिलं तर करंट ११०० अँपिअरकडे धावेल. दोन लूप असले की ही भीती उरत नाही. वेगाच्या कंट्रोलरचं आउटपुट म्हणजेच करंटची मागणी, आणि ती १५० अँपिअरवर बांधून टाकता येते. मग सुरुवातीला आतला लूप फक्त ६० व्होल्ट देतो आणि मोटरचा बॅक ईएमएफ वाढेल तसं व्होल्टेज वाढवत नेतो. मात्र हा बांध पाळला जाण्यासाठी आतला लूप चपळ हवा. तो सुस्त असेल तर मागणी १५० वर थांबली तरी खरा करंट तिच्यापुढे निघून जातो.

लाइनचं व्होल्टेज अचानक पडलं तर काय होतं तेही पाहू. पूर्ण लोडवर या मोटरचा बॅक ईएमएफ ४०० व्होल्ट असतो, उरलेले ४० व्होल्ट रोधात जातात. व्होल्टेज दहा टक्के पडून ३९६ झालं की करंट ढकलायला काहीच उरत नाही. कोणी सावरलं नाही तर साधारण ५० मिलिसेकंदांत करंट शून्यावर येईल. नेमका तेवढाच काळ आपल्या वेगाच्या लूपचा आहे. त्याला दखल घ्यायला वेळ मिळेपर्यंत टॉर्क गेलेला असेल. पाच मिलिसेकंदांत हलणारा करंट लूप मात्र फायरिंग अँगल पुढे आणून कन्व्हर्टरमधलं राखीव व्होल्टेज वापरतो आणि वेगाला त्याची झळ जेमतेम लागते.

तरी माझ्या मते खरं कारण याहून खोल आहे. वेगाचा लूप दुरुस्ती मागतो ती उशिरा पोचली तर उलट्या वेळी पोचते आणि वेग डोलू लागतो. हा उशीर अंशांत मोजतात, १८० अंश ही हद्द. मोटरचं जडत्वच त्यातले ९० खातं. वेगाच्या कंट्रोलरचा इंटिग्रल भाग आणखी साधारण ११ घेतो. आतला लूप वेगाच्या लूपच्या दहापट जलद असेल तर तो फक्त ६ अंशांची भर घालतो आणि ७३ अंश शिल्लक राहतात. दोघांचा वेग सारखा असेल तर तो ४५ अंश घेतो, उरतात ३४. मग वेग मागणीच्या वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. पाचपट ते दहापट अंतर ठेवण्याचा रिवाज आला तो या हिशोबातून.

मग आतला लूप हवा तितका जलद का करत नाहीत? सहा पल्सचा कन्व्हर्टर ५० हर्ट्झवर ३.३ मिलिसेकंदांनी एकदाच नवा हुकूम घेतो. पाच मिलिसेकंद ही त्याच्या क्षमतेच्या काठावरची मजल आहे. ट्रान्झिस्टरचे चॉपर किलोहर्ट्झमध्ये स्विच होतात, म्हणूनच सर्वो ड्राइव्हमध्ये वेगाचा लूपही कितीतरी चपळ ठेवता येतो.

म्हणूनच ट्यूनिंग आतून बाहेर करायचं. फील्ड बंद करा आणि शाफ्ट अडकवून ठेवा, कारण उरलेल्या चुंबकत्वावरही मोटर फिरू शकते. करंटच्या मागणीला छोटी पायरी द्या आणि स्कोपवर उत्तर पाहा. चाचणी थोडक्यात आटपा, नाहीतर उभ्या कॉम्युटेटरच्या त्याच पट्ट्या तापतात. करंट मनासारखा आला की मगच वेगाच्या गेनला हात लावा.

एक फसवी तक्रार साइटवर हमखास येते : ‘लोडवर गाडी झकास चालते, रिकामी असली की हंटिंग होते.’ इथे बहुतेक जण वेगाचा गेन कमी करतात आणि मग लोडवरची चपळाई जाते. हलक्या लोडवर दोन पल्सच्या मध्ये करंट शून्यावर येतो, कन्व्हर्टरचा गेन एकदम घसरतो आणि आतला लूप मंदावतो. दहापट अंतर तिथेच मिटतं. खात्रीसाठी करंटची मागणी आणि खरा करंट एकाच पडद्यावर लावा. मागणी डोलते आहे आणि खरा करंट तिच्या मागे रेंगाळतो आहे असं दिसलं, तर दोष आत आहे. चांगल्या ड्राइव्हमध्ये खंडित करंटसाठी वेगळा गेन आपोआप लागू होतो, तो मोटरला जुळवलेला आहे का तेच आधी तपासा.