विश्लेषण : विंडोज ११ तुमचा संगणक का नाकारते?

‘This PC can't run Windows 11’ ही ओळ पडद्यावर आली की संगणक जुना झाला, आता नवा घ्यावा लागणार, असे बहुतेक जण समजतात. विंडोज १०ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने हा प्रश्न अनेक घरांत आणि छोट्या कार्यालयांत उभा राहिला आहे. मात्र या एका नकारामागे दोन वेगळी कारणे असू शकतात. एक कारण अनेकदा पैसा खर्च न करता दूर होते, दुसरे होत नाही. आपल्या संगणकाला कोणते लागू आहे, हे खरेदीपूर्वीच कळायला हवे.

नेमके काय तपासले जाते?

किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या अटी बहुतेक संगणक सहज पूर्ण करतात. अडते ते तीन ठिकाणी : टीपीएम २.०, सिक्युअर बूट आणि मायक्रोसॉफ्टच्या मान्यताप्राप्त यादीतील प्रोसेसर. नकाराच्या ओळीखाली यांपैकी काय कमी पडले, हेही लिहिलेले असते. तो मजकूर न वाचता खिडकी बंद करणे ही पहिली चूक ठरते.

टीपीएम म्हणजे काय?

टीपीएम ही संगणकातील छोटी तिजोरी आहे. डिस्क कुलूपबंद करणाऱ्या किल्ल्या ती मुख्य साठवणीपासून वेगळ्या ठेवते. संगणक सुरू होताना कोणकोणते प्रोग्राम चालले, याची नोंदही तिच्यात होते. त्यात कोणी फेरफार केल्याचे दिसले, तर ती किल्ली देत नाही. त्यामुळे चोराने डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तरी कुलूपबंद माहिती त्याला वाचता येत नाही.

ही तिजोरी वेगळ्या चिपमध्येच असावी असे नाही. इंटेलने ती ‘पीटीटी’ आणि एएमडीने ‘एफटीपीएम’ या नावाने प्रोसेसरसोबतच दिली आहे. मात्र जुळवून घेतलेल्या अनेक डेस्कटॉपमध्ये ही सोय मुळातच बंद ठेवलेली असते. म्हणजे तिजोरी असते, पण सुरू केलेली नसते.

मग प्रोसेसरची अट कशासाठी?

विंडोज ११मधील ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सोय प्रणालीच्या गाभ्यात घातक कोड शिरू देत नाही. नव्या प्रोसेसरमध्ये त्यासाठी खास यंत्रणा असते, तर जुन्यांत तेच काम सॉफ्टवेअरने करावे लागते आणि वेग घटतो. मायक्रोसॉफ्टने विश्वासार्हतेचे कारणही दिले. अटी पूर्ण न करणाऱ्या चाचणीतील संगणकांत गाभ्याशी संबंधित बिघाड ५२ टक्के अधिक आढळल्याचे कंपनीने २०२१मध्ये सांगितले होते.

इंटेलची यादी साधारण आठव्या पिढीपासून, तर एएमडीची रायझन २०००पासून सुरू होते. दोन्हींत अपवाद असल्याने नेमका क्रमांक यादीत पाहावा. विशेष म्हणजे इंटेलच्या सातव्या पिढीतही ती खास यंत्रणा आहे, तरी मोजके अपवाद वगळता ती पिढी यादीबाहेर आहे. म्हणजे प्रश्न केवळ क्षमतेचा नाही. कोणत्या यंत्रांची जबाबदारी घ्यायची, याचाही आहे.

एकाच घरातील दोन संगणक

समजा, घरात २०१८मध्ये जुळवलेला कोअर आय५-८४०० प्रोसेसरचा डेस्कटॉप आणि कोअर आय५-७२००यूचा लॅपटॉप आहे. या क्रमांकांत आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा पिढी सांगतो : एक आठवी, दुसरी सातवी. दोन्ही संगणकांना नकार मिळाला.

डेस्कटॉपवर विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून `tpm.msc` चालवले, तर टीपीएम सापडत नसल्याचा संदेश येतो. `msinfo32`मध्ये `BIOS Mode` पुढे `Legacy` दिसते. म्हणजे टीपीएम बंद आहे आणि विंडोज जुन्या पद्धतीने सुरू होत आहे. प्रोसेसर मात्र यादीत आहे. त्यामुळे हे काम सेटिंगचे आहे.

आधी माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, कारण बायोसमधील बदलानंतर ती विचारली जाऊ शकते. मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पहिली आज्ञा द्यावी. ती डिस्कचा आराखडा बदलता येईल का, एवढेच तपासते. ती यशस्वी झाली तरच दुसरी द्यावी.

```
mbr2gpt /validate /allowFullOS
mbr2gpt /convert /allowFullOS
```

डिस्कवर चार प्राथमिक विभाग असतील तर तपासणीच अडते. रूपांतर झाल्यावर बायोसमध्ये जाऊन यूईएफआय पद्धत निवडावी, पीटीटी सुरू करावे आणि सिक्युअर बूट चालू करावे. हा क्रम उलटा केला, म्हणजे रूपांतरापूर्वीच यूईएफआय निवडले, तर विंडोज सुरू होत नाही. तसे झाल्यास सेटिंग पूर्ववत केल्यावर संगणक बहुधा पुन्हा सुरू होतो. आता `tpm.msc`मध्ये `Specification Version` पुढे `2.0` दिसले, की अडथळा दूर झाला.

लॅपटॉपवर `tpm.msc` आधीच `2.0` दाखवतो, सिक्युअर बूटही चालू आहे. अडतो तो फक्त प्रोसेसर, आणि तो लॅपटॉपच्या मदरबोर्डवर कायमचा जोडलेला असतो. येथे कोणतेही सेटिंग उपयोगी पडत नाही.

तपासणी चुकवून विंडोज ११ टाकता येते का?

येते. रजिस्ट्रीत नोंद करून किंवा ‘रुफस’ने तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून तपासणी टाळता येते. पण अशा संगणकाला सुरक्षा अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले आहे. प्रत्यक्षात मासिक अपडेट अनेकांना मिळतात. तरी वार्षिक मोठी आवृत्ती आपोआप न आल्याने दरवेळी हीच खटपट करावी लागते. शिवाय २४एच२ आवृत्तीपासून ‘एसएसई ४.२’ हा सूचनासंच नसलेल्या फार जुन्या प्रोसेसरवर विंडोज सुरूच होत नाही. तेथे कोणतीही युक्ती चालत नाही. बँकेचे व्यवहार किंवा ग्राहकांची माहिती असलेल्या संगणकावर हा मार्ग जोखमीचा आहे.

लॅपटॉपसाठी कोणते पर्याय उरतात?

पहिला पर्याय विंडोज १०वरच राहण्याचा. घरगुती वापरासाठीच्या ‘ईएसयू’ योजनेत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट देण्याचे कंपनीने जाहीर केले. त्यासाठी २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खाते लागते. सेटिंग्जची प्रत त्या खात्यावर ठेवण्यास संमती दिल्यास शुल्क नाही. अन्यथा ३० डॉलर किंवा एक हजार रिवॉर्ड्स गुण. एका खात्यावर दहा संगणक नोंदवता येतात. नोंदणीचा दुवा विंडोज अपडेटच्या पानावर दिसतो. नवी वैशिष्ट्ये मात्र यात मिळत नाहीत.

दुसरा पर्याय लिनक्स मिंट किंवा उबुंटूचा. ब्राउझर, मेल, अभ्यास आणि मराठी टंकलेखनासाठी सातव्या पिढीचा प्रोसेसर तेथे पुरेसा आहे. पण हिशेबाचे सॉफ्टवेअर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन किंवा जुना प्रिंटर त्यावर चालतो का, हे पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आधी पाहावे. तसे केल्याने डिस्कवरील विंडोजला धक्का लागत नाही. ही कामे त्यावर होत नसतील, तरच नव्या संगणकाचा खर्च समर्थनीय ठरतो, आणि तोही ईएसयूची मुदत संपेपर्यंत पुढे ढकलता येतो.