साठ आणि आठ यांमधले अंतर

ऑडिओग्राम हा श्रवणाचा आलेख प्रथमदर्शनी एखाद्या उतरत्या रेषेसारखा दिसतो. परंतु पेटीच्या पट्ट्या डोळ्यांसमोर आणल्या म्हणजे त्याची आडवी रेषा तत्काळ उमगते, कारण तिच्या डाव्या टोकास २५० हर्ट्झचा खर्ज आणि उजव्या टोकास ८,००० हर्ट्झचा अतितीव्र स्वर असून, प्रत्येक दुपटीगणिक एक सप्तक वर चढत जाते. उभ्या रेषेवर डेसिबल वरून खाली वाढतात. तेव्हा खूण जितकी खाली, तितका तो स्वर ऐकू येण्यास मोठा करावा लागला. वरचे शून्य म्हणजे निःशब्दता नव्हे. निरोगी तरुण कानांस सरासरीने जेमतेम ऐकू येणारा आवाज तो. लाल वर्तुळे उजव्या कानाची, निळ्या फुल्या डाव्याची.

प्रत्येक खुणेमागे एक संथ विधी असतो. शांत खोलीत बसलेल्या इसमास स्वर ऐकू येताच त्याने कळ दाबावी. दाबली की आवाज दहा डेसिबलांनी उतरवावा, न दाबली तर पाचांनी चढवावा. आणि चढत्या क्रमात निदान निम्म्या वेळा प्रतिसाद मिळेल अशा सर्वांत हलक्या आवाजाची नोंद करावी.

उदाहरणादाखल, इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात तीस वर्षे काढलेला एक विणकर घेऊ. बोलणे कानी पडते, पण उमजत नाही. कोणी भाव 'साठ' सांगितला तर 'आठ' ऐकू येतो, अशी त्याची कैफियत. त्याच्या उजव्या कानाच्या खुणा ५०० हर्ट्झवर १५, १,००० वर २०, २,००० वर ३०, ४,००० वर एकदम ६०, आणि ८,००० वर पुन्हा ४०. डावा कानही याच वळणाचा. पहिल्या तिन्हींची सरासरी काढली तर ती सुमारे २२ येते, आणि जुन्या प्रघाताप्रमाणे २५ पर्यंत 'ठीक' असा शेरा पडून प्रकरण दप्तरी दाखल होऊ शकते. परंतु सरासरीत ४,००० ची ती दरी समाविष्टच नाही. आणि बोलण्यातील स्वरांचे भारदस्त अंग खालच्या कंपनांत, तर 'स'चा सूक्ष्म फुत्कार त्या वरच्या प्रांतात वसतो.

आता कानामागील हाडावर कंपक ठेवून तीच परीक्षा घेतली असता खुणा हवेतून ऐकवलेल्या स्वरांच्या खुणांशी जुळल्या, तर मळ वा पडदा यांचा अडथळा नाही, बहुधा आंतरकर्णातील केसपेशी झिजल्या आहेत, असा निष्कर्ष निघतो. केवळ वार्धक्य असते तर रेषा ८,००० पर्यंत उतरतच गेली असती; येथे दरीनंतर ती वर येते, आणि हे दीर्घकालीन गोंगाटाचे परिचित लक्षण होय. तथापि माग बंद होताच तपासणी केली, तर तात्पुरता बधिरपणाही त्या दरीत मिसळतो. म्हणून रात्रभराच्या विश्रांतीनंतर फेरतपासणी करावी, आणि आलेखाची खोली जशी वाचावी तशीच त्याची आकृतीही वाचावी. विणकराचा 'साठ' त्या दरीतच हरवला आहे.