‘सावधान’ दोन भाषांत
मंडपात मराठी न जाणणारेही पाहुणे असले, म्हणजे शुभेच्छेचे भाषण दोनदा करावे लागते. मराठीत इतके पुरते : “‘सावधान’ ऐकताच समर्थ पळाले, आमचे वरराज उभेच राहिले. त्यांच्या धैर्यास नमस्कार, वधूस शुभेच्छा!” परंतु रामदासांची आख्यायिका परभाषिकास ठाऊक नसते; शब्दशः भाषांतर ऐकून तो केवळ सौजन्याने मान डोलावतो. म्हणून इंग्रजीत नाव गाळून कथाच द्यावी : “अवर प्रीस्ट क्राइज ‘बिवेअर!’ वन ब्राइडग्रूम रॅन, अँड बिकेम अ सेंट. अवर्स स्टेड, अँड बिकेम अ हजबंड.” येथे ‘बिवेअर’च हवे, ‘अटेन्शन’ म्हटल्यास कवायत आठवते. ‘हजबंड’ हा शब्द शेवटीच यावा आणि वक्त्याने तेथेच थांबावे.