धंदा बदलला, आता नावाचं काय?

झोमॅटो आणि ब्लिंकिट आज एकाच समूहात आहेत. धंद्याचं रूप बदलल्यावर नाव ठेवायचं की बदलायचं, हा प्रश्न या दोघांपुढे वेगवेगळ्या वेळी आला आणि दर वेळी उत्तर वेगळं निघालं. म्हणून हे उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे.

झोमॅटोचं पहिलं नाव फूडीबे. 2008 मध्ये सुरू झालेल्या त्या संकेतस्थळावर हॉटेलांची मेनूकार्डं पाहायला मिळत. 2010 मध्ये नाव बदललं, त्यामागे ‘ईबे’ या बड्या कंपनीच्या नावाशी असलेलं साम्य हे एक कारण होतं. नवं नाव कोणत्याही धंद्याचं वर्णन करत नव्हतं, आणि त्याचा उपयोग पुढे झाला. 2015 मध्ये कंपनी घरपोच जेवण पोचवू लागली, म्हणजे कामाचं स्वरूपच पालटलं, तरी नावाला हात लावावा लागला नाही. लोकांना ‘झोमॅटो’ म्हणजे खाणं एवढं ठाऊक होतं, आणि तेवढं अजूनही खरं होतं.

ब्लिंकिटची गोष्ट उलटी आहे. 2013 च्या अखेरीस सुरू झालेलं ग्रोफर्स आधी आसपासच्या दुकानांतून सामान उचलून आणून देई. पुढे स्वतःची गोदामं आली. ग्राहक यादी करून किराणा मागवत आणि तो ठरल्या वेळी येई. 2021 मध्ये कंपनी दहा मिनिटांत सामान पोचवण्याकडे वळली आणि डिसेंबरात नाव ब्लिंकिट केलं. वस्तू बऱ्याचशा त्याच होत्या, पण ग्राहकाची सवय वेगळी होती. महिन्याची यादी करणारा माणूस आणि फोडणी टाकताना जिरं संपल्याचं लक्षात आलेला माणूस एकाच नावाकडून वेगवेगळ्या अपेक्षा ठेवतात. शिवाय ग्रोफर्स या नावात किराणा होता. चार्जर, खेळणी, फोन विकताना ते आखूडच पडलं असतं.

माझ्या मते खरी धिटाई वेगळ्या ठिकाणी होती. जिथे झटपट पोचवणं जमत नव्हतं, अशा भागांतली सेवा कंपनीने त्या वेळी थांबवली. नवं नाव लावून जुनीच संथ सेवा चालू ठेवली असती, तर ते नाव पहिल्याच महिन्यात खोटं ठरलं असतं.

2022 मध्ये झोमॅटोने ब्लिंकिट विकत घेतलं. तेव्हापासून कंपनीत अंतर्गत वापरासाठी ‘इटर्नल’ हे नाव रुळलं आणि 2025 मध्ये मूळ कंपनीचं अधिकृत नाव तेच झालं. जेवण मागवण्याचं अ‍ॅप मात्र झोमॅटोच राहिलं. भागधारकाला दिसणारं नाव आणि ग्राहकाला दिसणारं नाव वेगळं असू शकतं. पुष्कळ उद्योजक ही सोय विसरतात आणि कागदोपत्री बदलाच्या भरात दुकानाची पाटीही उतरवतात.

लहान धंद्यात हाच विचार कसा करायचा? समजा, ‘माउली पोळी-भाजी केंद्र’ आता गोठवलेल्या पुरणपोळ्या दुकानांना पुरवतं. जुन्या ग्राहकांना आणि नव्या दुकानदारांना, काही न सुचवता, वेगवेगळं विचारावं: हे नाव ऐकून इथे काय मिळतं असं वाटतं? जुने ग्राहक ‘चव, स्वच्छता’ म्हणाले, तर नावात जपण्याजोगं काहीतरी आहे. दुकानदार ‘डबे देता ना?’ म्हणाले, तर ‘पोळी-भाजी केंद्र’ हे शेपूट अडचणीचं आहे. मग ‘माउली’ ठेवून शेपूट बदलणं हा मधला मार्ग सुचतो. पण असे शब्द अनेकांच्या पाटीवर असतात, म्हणून ट्रेडमार्कच्या सार्वजनिक नोंदवहीत आपल्या मालाच्या वर्गात शोध घेतल्याशिवाय वेष्टनं छापायला देऊ नयेत. तिथे दुसऱ्याची नोंद सापडली, तर नवं नाव शोधावं लागेल, मग मन कितीही जडलेलं असो.

नाव बदलायचं ठरलं, तर छापून पडलेली वेष्टनं, अन्न परवान्यावरचं आणि जीएसटी नोंदणीवरचं नाव, बँकखातं, दुकानदारांशी झालेले करार यांचा क्रम आधी लावावा. कंपनी नोंदलेली असेल, तर विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. नाव बदलल्यावर दोन वर्षं पाटीवर आणि पत्रांवर जुनं नावही द्यावं लागतं. जुनं संकेतस्थळ आणि फोन नंबर चालू ठेवावेत, म्हणजे जुना ग्राहक नव्या पत्त्यावर पोचेल. जुन्या नावाचा ट्रेडमार्क नोंदलेला असला, तरी तो सलग पाच वर्षांहून अधिक काळ वापराविना पडला, तर ज्याच्या हिताला त्यामुळे बाधा येते असा दुसरा कोणी तो रद्द करण्यासाठी अर्ज करू शकतो. त्यामुळे जुन्या नावाने एखादा पदार्थ विकत राहायचा की ते नाव सोडून द्यायचं, हे पाटी उतरवण्याआधीच ठरवलेलं बरं.