टीएसएच वाढला, पण डोस कमी होता का?

थायरॉईडची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांच्या फायलीत एक चित्र वारंवार दिसते. टीएसएच वाढलेला, म्हणून डोस वाढवला. पुढे तो फारच खाली गेला, म्हणून डोस घटवला. दोष प्रत्येक वेळी डोसचा असतोच असे नाही. गोळी पोटात कशाबरोबर गेली आणि रक्त किती दिवसांनी तपासले, हेही पाहावे लागते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पंचेचाळिशीची एक बाई रोज पहाटे उपाशीपोटी लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅमची गोळी घेते. तिचा टीएसएच २.८ आहे, म्हणजे ठीक. गुडघे दुखतात म्हणून कॅल्शियम सुरू झाले, हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाची गोळीही आली. विसरायला नको म्हणून तिन्ही गोळ्या ती सकाळी एकदमच घेऊ लागली. तीन महिन्यांनी टीएसएच ९.५ आला. डोस ७५ झाला. पंधरा दिवसांनी तिने स्वतःच पुन्हा रक्त तपासले, तर ७.२. ‘अजून वाढलेलाच आहे’ म्हणून डोस १०० वर गेला. याच सुमारास कुणीतरी सांगितल्यावरून कॅल्शियम आणि लोह तिने दुपारी-रात्री घ्यायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडालेली आणि टीएसएच ०.१.

यात दोन गोष्टी चुकल्या. पहिली म्हणजे गोळ्यांची गर्दी. कॅल्शियम आणि लोह आतड्यात लेव्होथायरॉक्सिनला चिकटतात आणि त्याचा काही भाग रक्तात न जाता शौचावाटे निघून जातो. बाई गोळी ५० ची घेत होती, पण अंगी लागत होती त्याहून कमी. म्हणून थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांत किमान चार तासांचे अंतर हवे. मल्टिव्हिटॅमिनमध्येही बहुधा हे दोन्ही असतात, तेव्हा त्यालाही हाच नियम. ॲसिडिटीच्या काही औषधांतही कॅल्शियम किंवा ॲल्युमिनियम असते. तीही लांबच ठेवावीत.

घरात बसणारे वेळापत्रक असे: सकाळी सहाला थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने, लोहाची गोळी दुपारी आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर.

दुसरी चूक पंधरा दिवसांच्या तपासणीची. लेव्होथायरॉक्सिन शरीरातून सावकाश जाते. त्याचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे एक आठवडा लागतो. त्यामुळे डोस बदलला की रक्तातली पातळी नव्या जागी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. टीएसएच तयार करते मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी, आणि ती हा बदल ओळखून सावरायला वेळ घेते. पंधराव्या दिवशीचा ७.२ म्हणजे खाली येता येता मध्येच टिपलेला आकडा होता. नवा डोस पुरतो की नाही, हे त्यावरून ठरवता येत नव्हते. सहा ते आठ आठवडे थांबले असते, तर १०० ची गरज कदाचित पडलीच नसती.

हाच हिशेब गोळ्यांच्या वेळा बदलल्यावरही लागू होतो. कॅल्शियम दुपारवर ढकलले, तर थायरॉईडची गोळी जास्त शोषली जाऊ लागते. डोस तोच राहूनही शरीराला मिळणारे औषध वाढते. म्हणून असा बदल डॉक्टरांना सांगून करावा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहावा. तोवर वेळा पुन्हा बदलू नयेत. टीएसएच स्थिर झाल्यावर साधारण सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा तपासणी बहुतेकांना पुरते.

या नियमाला मोठा अपवाद गरोदरपणाचा. तेव्हा गोळीची गरज पहिल्या काही आठवड्यांतच वाढते, आणि लोह व कॅल्शियम तर जवळजवळ प्रत्येकीला सुरू असते. गरोदर असल्याचे कळताच डॉक्टरांना गाठावे. निम्म्या गरोदरपणापर्यंत टीएसएच साधारण दर चार आठवड्यांनी पाहतात. थांबू नये असे आणखी एक कारण म्हणजे त्रास. धडधड, छातीत दुखणे किंवा अति सुस्ती असेल, तर सहा आठवडे मोजत बसू नये. वयस्कर आणि हृदयविकार असलेल्यांचा डोस तर मुद्दाम थोडा थोडा वाढवतात.

पुढच्या वेळी टीएसएच वर आला, तर डोस वाढवून मागण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: गोळी किती वेळा चुकली, तिच्यासोबत किंवा आसपास दुसरे काय घेता, आणि मागचा बदल कोणत्या तारखेला झाला.