पुसलेला भाव परत कसा आला?

दिवाळीच्या तोंडावर फराळाच्या एका ऑनलाइन दुकानाचं काम माझ्याकडे होतं. मालकांनी भाजणीच्या चकलीचा भाव 480 वरून 420 केला आणि पाचेक मिनिटांत त्यांचा फोन आला, "अहो, गिऱ्हाइकांना अजून 480च दिसतंय!" डेटाबेस उघडला, तिथे 420 होते.

जुना आकडा रेडिसमध्ये होता. दुकानदार दरवेळी आतल्या खोलीतली वही उघडत नाही, रोज विचारले जाणारे भाव गल्ल्याशेजारच्या पाटीवर खडूने लिहून ठेवतो. रेडिस ही तशी पाटी. तिच्यातली माहिती मेमरीत असते, त्यामुळे ती झटकन हाती येते. गिऱ्हाइकाने पान उघडलं की आधी पाटी पाहायची. भाव तिथे नसेल तर डेटाबेसमधून आणून गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि पाटीवरही लिहायचा. लिहिताना मुदत घालायची आणि वहीतली नोंद बदलली की पाटीवरचा आकडा पुसायचा:

```
SET vastu:4127 480 EX 600
DEL vastu:4127
```

`EX 600` म्हणजे 600 सेकंदांनी तो आकडा आपोआप नाहीसा होतो.

आमच्याकडे `DEL` होतं, तरीही 480 आले कुठून? मी `TTL vastu:4127` विचारलं. उरलेले सेकंद सांगणारी ही आज्ञा. उत्तर आलं 262. म्हणजे हा आकडा 338 सेकंदांपूर्वी, साडेपाच मिनिटांच्या आसपास लिहिला गेला होता. नेमका भाव बदलला त्या वेळी! पुसलं गेलं होतं, पण लगेच कुणीतरी जुनाच भाव पुन्हा लिहिला होता.

चूक क्रमाची होती. आमचा प्रोग्रॅम आधी पाटी पुसायचा, मग डेटाबेसमध्ये बदल करायचा. तो बदल कमिट होईपर्यंत, म्हणजे पक्का होईपर्यंत, एक-दोन सेकंद जात. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने पान उघडलं. पाटी कोरी, वहीत अजून 480. तेच पुढच्या दहा मिनिटांसाठी पाटीवर गेले.

म्हणून आधी कमिट, मगच `DEL`. मी हा क्रम उलटवला आणि तक्रारी थांबल्या.

तरी एक बारीक फट उरतेच. कुणी कमिटच्या आधी 480 वाचले, त्याचा प्रोग्रॅम क्षणभर रेंगाळला, मधल्या वेळात कमिट आणि `DEL` दोन्ही उरकले आणि मग त्याने 480 लिहिले, तर जुना भाव पुन्हा पाटीवर येतो. असं क्वचित घडतं, पण घडतं. तेव्हा मुदतच कामी येते, चुकीचा आकडा दहा मिनिटांपलीकडे टिकत नाही. पुसणं चोख आहे म्हणून मुदत काढून टाकणारे भेटतात. त्यांच्याकडे असा आकडा पुढचा बदल होईपर्यंत तसाच बसून राहू शकतो.

पैसे घेण्याच्या पायरीवर मात्र मी पाटीकडे पाहतच नाही. तिथे भाव थेट डेटाबेसमधून घेतो.